सात खड्यांचं फूल आणि एक कॅरेटचा भास

प्रश्न : भाऊ, मी निपाणीची. २०२२ च्या दिवाळीला माझ्या चुलत दिराच्या पेढीतून हिऱ्याच्या सात खड्यांच्या कुड्या घेतल्या. 'एक कॅरेटचा लूक आहे वहिनी' असं म्हणाले होते. बिलावर 'हिरे ०.२८ कॅरेट, ईएफ-व्हीव्हीएस' लिहिलंय, एकूण ४८,०६८ रुपये झाले. आता धाकटीचं लग्न ठरलंय, म्हणून कुड्या मोडीत घालून तिला काहीतरी करावं म्हणून कोल्हापूरला गुजरीत गेले. तिथल्या सराफाने भिंग लावून सांगितलं, 'हे इल्यूजन आहे, खडे बारीक आहेत, माल जीएच-एसआय. हिऱ्यांचे ११,२०० देतो.' दिराच्या पेढीत त्या वर्षी जीएच-एसआयचा भाव कॅरेटला ६०,००० होता, माझ्याकडून ८५,००० घेतले. घरच्याच माणसाने फसवलं असं वाटून झोप उडालीय. त्यांना जाब विचारू, की गप्प बसून मोडून टाकू?

उत्तर : आक्का, पत्रासोबत बिलाची झेरॉक्स आणि कुड्यांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नाहीतर मला हवेतच बोलावं लागलं असतं. मी बरीच वर्षं पेढीवर बारीक खडे निवडायला बसलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंची भाषा मला कळते. दिराला जाब विचारायचा की नाही हे नंतर बघू. आधी तुमच्या कानात नेमकं काय आहे ते बघू या.

एकसारख्या सात गोल चकत्या घ्या. एक मध्ये ठेवा, सहा भोवती. बरोबर चिकटून बसतात, फट राहत नाही. एक रुपयाची सात नाणी घेऊन करून बघा. अशा फुलाची रुंदी एका चकतीच्या तिप्पट येते. तुमच्या फुलाची रुंदी फोटोतल्या पट्टीवर ६.६ मिलिमीटर दिसते, म्हणजे एकेक घर २.२ मिलिमीटरचं. आणि एक कॅरेटचा एकटा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटरचा असतो. 'एक कॅरेटचा लूक' हे शब्द इथून आले. दीर खोटं बोलले नाहीत. 'लूक' हा शब्द त्यांनी उच्चारला आणि तुम्ही 'कॅरेट' तेवढं ऐकलंत, हे पेढीवर रोज घडतं.

आता त्या घरात काय बसलंय ते बघा. तुमच्या फोटोत एका घराच्या मधोमध खडा आहे आणि त्याच्याभोवती चकचकीत कातलेली पांढरी कडा. ती कडा हिरा नाही, सोनं आहे. वरून रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा दिलेला आणि हिऱ्याच्या पैलूंसारख्या तिरक्या कापांनी चमकवलेली. हेच इल्यूजन सेटिंग, काही कारागीर याला प्लेटचं काम म्हणतात. खडा मला १.७ मिलिमीटरच्या आसपास दिसतो. २.२ च्या घरात १.७ चा खडा म्हणजे वरून दिसणाऱ्या प्रत्येक घरात साठ टक्के हिरा आणि चाळीस टक्के धातू.

वजनात हा फरक आणखी मोठा होतो, कारण वजन रुंदीच्या घनाने वाढतं. गोल, नीट कातलेल्या हिऱ्याला आम्ही ढोबळ हिशेब असा लावतो: रुंदीचा घन गुणिले ०.००३७. १.७ चा घन ४.९, म्हणजे खडा जेमतेम २ सेंटचा, सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग. २.२ ला हाच हिशेब केला तर ४ सेंट येतात. पूर्ण घर भरणारे खडे घातले असते तर दोन कुड्यांत ०.५६ कॅरेट लागले असते. प्लेटमुळे निम्म्यात काम झालं. चौदा खडे, प्रत्येकी २ सेंट, ०.२८ कॅरेट. तुमच्या बिलाशी हे जुळतं, आणि माझ्या दृष्टीने हीच पहिली मोठी गोष्ट आहे. वजनात लबाडी झालेली दिसत नाही.

बिलावर आणखी एक ताळा आहे, तोही घालून दाखवतो, कारण तो घरबसल्या कुणालाही घालता येतो. ढोबळ वजन ४.८२० ग्रॅम, निव्वळ सोनं ४.७६४ ग्रॅम. फरक ०.०५६ ग्रॅम. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा ०.०५६ ला ०.२ ने भागलं की ०.२८. ताळा बसला. पण यावर फार विसंबू नका. पेढीवर निव्वळ सोन्याचा आकडा बहुतेक वेळा सांगितलेलं हिऱ्याचं वजन वजा करूनच काढतात, त्यामुळे तो जुळणारच. हा ताळा चुकला तर काहीतरी गडबड आहे हे नक्की; बरोबर आला तरी खडे तेवढ्याच वजनाचे आहेत असं सिद्ध होत नाही. त्यासाठी मिलिमीटरच लागतो.

मिलिमीटर मोजताना मात्र जपून. १.७ च्या जागी चुकून १.९ धरलं तर वजन चाळीस टक्क्यांनी फुगतं. आणि इल्यूजनमध्ये हीच चूक सगळ्यांत जास्त होते, कारण डोळा प्लेटच्या कडेलाच खड्याची कड समजतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. दहा पटीचं भिंग लावा आणि कुडी हळूहळू तिरकी करा. प्लेटचे काप एका सुरात, पांढरे-राखी चमकतात आणि एकदम विझतात. हिऱ्यात काळे-पांढरे तुकडे एकमेकांत धावतात, मध्येच एखादी निळी-तांबडी ठिणगी उठते. ही धावपळ जिथे थांबते तिथे खडा संपला. भिंग नसेल तर मोबाईलने जवळून फोटो घ्या, पण स्टीलची पट्टी फुलाच्या पातळीत धरा, खाली टेबलावर ठेवलीत तर माप चुकेल.

यावरून एक जुनी गोष्ट आठवली. खानापूरकडच्या एक आजी पॉलिशला दिलेल्या कुड्या घेऊन पेढीवर आल्या आणि सरळ म्हणाल्या, 'माझे खडे बदलले, हे लहान आहेत.' बाजारात माणसं जमली. मालकांचा चेहरा उतरला. आम्ही कुड्या भिंगाखाली घेतल्या तर खडे तेच होते. बफवर घासताना कडांचा रोडियम उडाला होता आणि खालचं पिवळं सोनं उघडं पडलं होतं. पांढऱ्या कडेत मोठा भासणारा खडा पिवळ्या कडेत आपल्या मूळ मापाचा दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी रोडियम करून दिला तशी आजी खुश, खडे 'परत मिळाले'. तुमच्याही कुड्यांचा मुलामा चार वर्षांत विरला असणार, आणि त्या गुजरीत तुम्हाला एकदम फिक्या वाटल्या असतील तर निम्मं कारण हेच.

आता ती अक्षरं. ईएफ हा रंग, डी पासून झेड पर्यंत जाणाऱ्या पट्टीवरचा. डी सगळ्यांत पांढरा, पुढे पिवळसरपणा वाढत जातो; जीएच त्याच पट्टीवर ईएफच्या खाली. व्हीव्हीएस म्हणजे आतले दोष इतके सूक्ष्म की सरावलेल्या माणसालाही दहा पटीच्या भिंगात मुश्किलीने दिसावेत. एसआय म्हणजे त्याच भिंगात दिसतात, पण नुसत्या डोळ्यांना सहसा नाही. या दोहोंच्या मधली पायरी व्हीएस. तुम्ही असं धरून चाललात की ही अक्षरं सोन्यावरच्या ७५० च्या शिक्क्यासारखी आहेत, कुठेही नेलं तरी तीच निघतील. मोठ्या, सुट्या, प्रमाणपत्र असलेल्या हिऱ्यापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. दोन सेंटच्या खड्याला ते लागू पडत नाही, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण पैशाचं. तुमच्या बिलाच्या भावाने एक खडा १,७०० रुपयांचा. हलक्या मालाच्या भावाने १,२००. प्रत्येक खडा प्रयोगशाळेत तपासून त्याचा दर्जा लिहून घ्यायचा खर्च त्या खड्याच्याच तोडीला जातो. पाचशे रुपयांच्या फरकासाठी ते कोण करणार? म्हणून बारीक माल चाळणीने मापावर वेगळा करतात आणि मग पुड्यांत विकतात. एका कॅरेटच्या पुडीत तुमच्या मापाचे पन्नास खडे येतात. पुडीवर लिहिलेला दर्जा हा पुडीचा अंदाज असतो, त्यातल्या एकेका खड्याचा नव्हे. 'ईएफ' हीच मुळात दोन अक्षरांची मोळी आहे बघा. त्यात चार जी आले, दोन व्हीएस आले, तरी कुणी पुडी परत करत नाही. पुढे कारागिराकडून एखादा खडा बसवताना उडतो, हरवतो, मग दुसऱ्या पुडीतला त्याच मापाचा घालतात. अक्षरं मात्र बिलावर तीच राहतात.

दुसरं कारण असं की बसवलेल्या खड्याचा दर्जा कुणालाच नीट सांगता येत नाही, तुमच्या गुजरीच्या सराफालाही नाही. हिऱ्याचा रंग खरा बघतात तो सुटा हिरा पांढऱ्या कागदावर उपडा ठेवून, बाजूने, नमुन्याच्या खड्यांशेजारी. बसवल्यावर फक्त वरचं तोंड दिसतं, आणि इतक्या लहान खड्यात वरून ई आणि जी मधला फरक मलाही दिसणार नाही. त्यात भोवती रोडियमची पांढरी कडा असली की पिवळसर खडाही पांढरा वाटतो. मुलामा विरून पिवळं सोनं डोकावलं की उलट होतं, पांढऱ्या खड्यावर पिवळी झाक येते. तुमच्या सराफाने आज 'जी-एच' म्हणताना किती सोन्याची झाक वाचली आणि किती खड्याची, हे तोसुद्धा छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दोषांचंही तसंच. १.७ मिलिमीटरचा खडा दहा पटीत १७ मिलिमीटरचा, अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो, त्याच्या कडेवर खडा धरणारी सोन्याची नखं आणि प्लेट चढलेली, मागची बाजू जवळपास बंद. एवढ्यावर व्हीव्हीएस आणि व्हीएस वेगळे काढणं म्हणजे परातीतले तांदूळ झाकणातून निवडणं.

चांगल्या प्रयोगशाळेचं कार्ड काढलंत तरी त्यावर एक अक्षर येत नाही, पट्टा येतो, आणि 'सेटिंगमध्ये जेवढं दिसतं त्यावरून' अशी पुस्ती असते. वजनही पुष्कळदा दागिन्यावर ठोकलेलं किंवा दुकानदाराने सांगितलेलंच त्यावर उतरतं. हॉलमार्कची तर बातच नको. तुमच्या कुडीवरचं १८के७५० आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी हे फक्त सोन्याबद्दल बोलतात, हिऱ्याबद्दल एक शब्दही नाही.

मग दिरांनी ईएफ-व्हीव्हीएसचे पैसे घेतले ते बरोबर? माझं मत विचाराल तर इल्यूजनच्या दागिन्यात तो दर्जा विकणं हाच वाया जाणारा खर्च आहे. ज्या सेटिंगचं काम दोष झाकणं आणि रंग पांढरा दाखवणं, त्यात दोष नसलेला पांढरा माल घालायचा कशाला? पण पेढीवाल्याला 'व्हीव्हीएस' म्हणायला सोपं, गिऱ्हाइकाला ऐकायला गोड. वाईट हेतू असेलच असं नाही, त्यांनीही पुडीवरचंच वाचून दाखवलं असेल.

आता तुमची झोप ज्या आकड्याने उडवलीय तो उलगडू या. हिऱ्यांचे तुम्ही २३,८०० भरलेत, गुजरीत ११,२०० मिळतात. गेले १२,६००. हे सगळे दर्जापायी गेले असं तुम्ही धरताय. त्याच पेढीवर जीएच-एसआय घेतले असते तर ६०,००० च्या भावाने १६,८०० झाले असते. म्हणजे विकत घेताना दर्जाचा फरक ७,००० चा. उरलेले ५,६०० हे कुठल्याही दर्जाला जातातच, कारण सराफ वापरलेले बारीक हिरे दुकानाच्या भावाने घेत नाही. तुमच्या सराफाने ६०,००० च्या मालाला ४०,००० लावले, म्हणजे दोन तृतीयांश. हेच प्रमाण लावून त्याने तुमचा माल ईएफ-व्हीव्हीएस मानला असता तरी हातात १५,८०० च्या आसपासच आले असते. म्हणजे आज ज्या अक्षरांवरून तुम्ही दिरांशी भांडणार, त्यांची तुमच्या पदरातली किंमत साडेचार हजार रुपये आहे. ती कमी नाही म्हणत मी. पण १२,६०० ही नव्हे.

आणि त्याच बिलात सोनं बघा. १८ कॅरेटचं ४.७६४ ग्रॅम, ३,९०० च्या भावाने १८,५८० रुपये. तेव्हापासून सोनं दुपटीहून वर गेलंय. मजुरीचे ४,२८८ आणि तीन टक्के जीएसटी परत येत नाहीत, ते सोडून द्या. मोडीला बसाल तेव्हा जीव लावायचा तो सोन्याच्या वजनाला आणि घटीला. गुजरीवाल्याने चार टक्के घट सांगितली असं बिलामागे तुम्ही पेन्सिलने लिहिलंय. हॉलमार्कच्या मालाला एवढी घट का, हे त्याला विचारा. त्या एका प्रश्नात जितकं सुटेल, तितकं हिऱ्यांच्या अक्षरांवर तासभर घालून सुटणार नाही.

अक्षरांपेक्षा दोन गोष्टी खरंच तपासण्यासारख्या आहेत. एक, खडे फुल कटचे आहेत की सिंगल कटचे. फुल कटला ५७-५८ पैलू, सिंगल कटला १७-१८. भिंगात सिंगल कटचा खडा मोठ्या सपाट तुकड्यांत लखलखतो, ठिणग्या थोड्या. तो स्वस्त असतो. तुमच्या फोटोत मला फुल कट वाटतात. दुसरी आणि मोठी गोष्ट, सगळे खडे खाणीतले आहेत की त्यात प्रयोगशाळेत वाढवलेले मिसळलेत. बारीक मालात ही भेसळ होते, कधी पेढीवाल्यालाही न कळता, आणि भिंगाने ती ओळखता येत नाही. दुकानातला पेनासारखा टेस्टर दोन्हींना 'हिरा' म्हणतो. त्याला स्क्रीनिंगचं यंत्रच लागतं. हे यंत्र मोठ्या पेढ्यांकडे असतं, खडे बाहेर पाठवूनही तपासून मिळतात. साडेचार हजारांपेक्षा मोठा खड्डा पडायचा असेल तर तो इथे पडतो.

आता दीर. फसवलं म्हणून जाऊ नका, तेवढा पुरावा तुमच्याकडे नाही. बसवलेल्या दोन सेंटच्या खड्यावर दोन सराफांचं एखाद-दोन पायऱ्यांनी न जमणं ही लबाडी ठरत नाही. ग्राहक आयोगात जायचा विचार डोक्यात असेल तर तिथे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि असल्या दर्जाच्या मतभेदावर तिथे फारसं टिकणारही नाही. वजन खोटं निघालं किंवा खाणीतले म्हणून वाढवलेले दिले असं निघालं तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा बिल घेऊन पेढीवर जा, गर्दी नसलेल्या दुपारी, वाद म्हणून नव्हे, मोड घालायला म्हणून. म्हणा, 'भावजी, तुम्हीच ईएफ-व्हीव्हीएस लिहिलंय, तर त्या भावाच्या किती टक्क्यांनी परत घेता ते सांगा.' विकणाऱ्याला आपल्या अक्षराची किंमत तेव्हाच द्यावी लागते. ७५ टक्के म्हणाले तर १७,८५० होतात, गुजरीपेक्षा ६,६५० जास्त, आणि तुमचा प्रश्न भांडणाशिवाय संपला. 'आता भाव उतरलेत वहिनी' असं कुरकुरले, तर नम्रपणे एवढंच विचारा की मग आजच्या यादीतला ईएफ-व्हीव्हीएसचा भाव किती. त्या भावाचेच टक्के धरा.

जमलं नाही तर हिरे विकूच नका. सोनं मोडा, चौदा खडे काढून परत मागा. कारागीर काढताना एखादा टवका उडवतो, म्हणून त्याला आधी सांगून ठेवा, काढायची मजुरीही ठरवून घ्या. खडे सुटे झाले की तुमच्या देखत काट्यावर ठेवायला सांगा, ०.२८ आहे की नाही ते कळेल. मग पांढऱ्या कागदावर उपडे टाकायला सांगा आणि शेजारी पेढीतला ईएफचा एखादा खडा ठेवायला सांगा. चार वर्षांत पहिल्यांदा त्या खड्यांचा रंग खरा दिसेल, तुम्हालाही. एकदोन पिवळट निघाले तर पुडीच्या मालात ते चालायचंच. दहा निघाले तर दिरांशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी आहे.

तेच खडे धाकटीच्या मंगळसूत्राच्या वाट्यांत किंवा नथीच्या पाकळीत बसवता येतील, आणि यावेळी प्लेट न घालता उघड्या नखांत बसवून घ्या. फूल लहान दिसेल, साधारण ५.१ मिलिमीटरचं, अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याएवढं, पण सगळा हिरा असेल. नवे काही खडे घालावे लागले तर जीएच-एसआय घ्या, डोळ्याला काळा ठिपका आणि तपकिरी झाक दिसत नाही ना एवढं बघून. बिलावर खड्यांची संख्या, एकूण वजन, 'नैसर्गिक' हा शब्द आणि परत घ्यायचा टक्का लिहून घ्या. दिरांच्याच पेढीवर केलंत तरी लिहून घ्या, आणि त्यांनाच लिहायला सांगा.